पेन्सिल, केस आणि वंश

आजचा विषय केसांचा आहे, पण सुरुवात मी पेन्सिलीपासून करणार आहे. साधी लाकडी पेन्सिल, शाळकरी पोराच्या दप्तरात असते तशी. केसांच्या इतिहासात ही पेन्सिल दोनदा आली आणि दोन्ही वेळा अगदी निराळ्या कामासाठी आली. पहिल्यांदा ती आली दक्षिण आफ्रिकेत. तिथे माणसाच्या केसांत पेन्सिल खोचत आणि ती खाली पडते की अडकून राहते, यावरून तो माणूस गोरा की गोरा नव्हे, हे ठरवीत. दुसऱ्यांदा ती आली केसांची निगा राखणाऱ्या बायकांच्या तक्त्यात. तिथे पेन्सिलीचे काम एवढेच, की केसाच्या वेटोळ्याची रुंदी किती, हे समजावे. तुमचे वेटोळे पेन्सिलीएवढे असेल तर तुमचा केस 'तीन-सी' प्रकारचा.

वस्तू एकच, पण प्रश्न दोन. पहिला प्रश्न होता, "हा माणूस कोण?" दुसरा आहे, "या केसाला कंगवा कसा लावावा?" आज पुष्कळ लोक या दोन प्रश्नांची गल्लत करतात. कुणाच्या केसाचा आकडा 'चार' आला की तो आफ्रिकी रक्ताचा, 'एक' आला की युरोपातला नाहीतर चीनकडचा, असे समजतात. ही गल्लत कुठून आली आणि ती खोटी कशी, हे आपण जरा सावकाश पाहू.

आधी तक्ता म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेत आंद्रे वॉकर नावाचे एक केशरचनाकार आहेत. ऑप्रा विन्फ्री या प्रसिद्ध कार्यक्रमकर्त्या बाईंचे केस ते सांभाळीत. त्यांनी १९९७ मध्ये केसांवर एक पुस्तक लिहिले आणि त्यात केसांचे चार प्रकार मांडले. पहिला सरळ, दुसरा नागमोडी, तिसरा कुरळा आणि चौथा अगदी घट्ट, बारीक वळणांचा. प्रत्येकाला पुन्हा ए, बी अशी पोटअक्षरे. पुढे हा तक्ता वापरणाऱ्या बायकांनाच तो अपुरा वाटू लागला. आपला केस तीन-बी पेक्षा घट्ट आहे पण चारमध्ये बसत नाही, अशी तक्रार आली, तेव्हा 'तीन-सी' निघाला. तसाच 'चार-सी' निघाला. हे दोन्ही वॉकरांच्या मूळ पुस्तकात नव्हते. मग आकार लक्षात राहावा म्हणून घरगुती मापे आली. तीन-ए म्हणजे फळ्यावरच्या जाड खडूएवढे वेटोळे, तीन-बी म्हणजे जाड शाईच्या पेनाएवढे, तीन-सी म्हणजे पेन्सिलीएवढे आणि चार-ए म्हणजे विणायच्या बारीक सुईएवढे. चार-बी मध्ये केस गोल फिरण्याऐवजी तिरकस कोपरे घेत जातो.

याचा उपयोग काय? डोक्याच्या कातडीतून जे तेल पाझरते, ते सरळ केसावरून सहज खाली उतरते. वेटोळे घेतलेल्या केसावर त्याला वळणावळणाने उतरावे लागते आणि ते टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून कुरळा केस मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडा असतो. शिवाय वळणाची प्रत्येक जागा कमजोर असते. कोरड्या कुरळ्या केसांत बारीक दातांची फणी वरून खाली ओढली, तर केस नेमका वळणावर तुटतो. म्हणून अशा केसांचा गुंता ओलेपणी, मोठ्या दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी, टोकाकडून सुरू करून हळूहळू मुळाकडे सोडवायचा. टॉवेलने खसाखसा पुसायचे नाही, दाबून पाणी टिपायचे. केस जितका घट्ट, तितकी ही काळजी जास्त. तक्त्याचे सांगणे मुळात इतकेच आहे.

आता मागे जाऊ. केसाच्या वळणावरून माणसांच्या वर्गवाऱ्या करण्याची हौस जुनी आहे. १८२५ च्या सुमारास बोरी द सँ-व्हँसाँ या फ्रेंच पंडिताने सगळ्या मानवजातीचे दोन भाग केले, सरळ केसांचे आणि लोकरी केसांचे. १८५० मध्ये फिलाडेल्फियाच्या पीटर ब्राउन नावाच्या वकिलाने सूक्ष्मदर्शकाखाली केसांचे आडवे छेद पाहिले. कुणाचा छेद गोल, कुणाचा लांबट, कुणाचा चपटा. त्यावरून त्याने असे अनुमान काढले, की माणसे एका प्राणिजातीची नसून तीन वेगवेगळ्या प्राणिजातींची आहेत. निग्रोंच्या डोक्यावर तर केस नसून लोकर असते, हेही त्याने ठरवून टाकले. हे सारे गुलामगिरी चालू असलेल्या देशात लिहिले जात होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्याच्या डोक्यावर लोकर आहे असे एकदा शास्त्राच्या नावाने सांगितले, त्याला मेंढरासारखे बाजारात विकायला मग संकोच कसला?

त्यानंतर जर्मनीत येना येथे अर्न्स्ट हेकेल झाला. हा मोठा प्राणिशास्त्रज्ञ, डार्विनचा कट्टर पुरस्कर्ता. १८६८ मध्ये त्याचा सृष्टीच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ निघाला आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत त्याने माणसाच्या बारा प्राणिजाती कल्पिल्या. त्या बारांची पहिली वाटणी त्याने केली ती केसांवरून. लोकरी केसांचे एकीकडे, सरळ आणि साध्या कुरळ्या केसांचे दुसरीकडे. लोकरी केसांच्यातही त्याने एक खास गट केला, ज्यांचे केस झुपक्याझुपक्यांनी उगवतात त्यांचा. त्या गटात त्याने दोन लोक घातले. एक दक्षिण आफ्रिकेतले, ज्यांना तेव्हा हॉटेन्टॉट म्हणत आणि आज खोईखोई म्हणतात ते. दुसरे पॅसिफिक महासागरातल्या न्यू गिनी बेटावरचे पापुअन.

हे उदाहरण जरा उलगडून पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट अशी, की माणसाचे केस झुपक्यांनी उगवतच नाहीत. घट्ट वेटोळ्यांचे केस आखूड असले की शेजारचे केस एकमेकांत अडकून त्यांच्या गोळ्या होतात आणि मधली कातडी उघडी दिसते. दुरून पाहणाऱ्याला वाटते, झुपकेच आहेत. म्हणजे विंचरण्याचा आणि गुंत्याचा जो प्रश्न, तो हेकेलने प्राणिजातीचे लक्षण समजून घेतला!

दुसरी गोष्ट अधिक मोठी आहे. आता माणसाच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास पुष्कळ पुढे गेला आहे. त्यावरून कळते, की दक्षिण आफ्रिकेतले खोईखोई आणि सान हे लोक बाकीच्या मानवजातीपासून फार जुन्या काळी वेगळे झालेल्या शाखेतले. पापुअन लोक मात्र आफ्रिकेबाहेर पडलेल्या लोकांच्या वंशवेलीवरचे, म्हणजे आफ्रिकेपेक्षा आशियातल्या लोकांना आणि आपल्याला अधिक जवळचे. माणसामाणसांत नात्याचे जेवढे लांब अंतर असू शकते, जवळजवळ तेवढे या दोघांत आहे. आणि हेकेलने, निव्वळ डोक्यावरचे केस पाहून, या दोघांना एका गटात बसवले होते. केसावरून वंश काढायला गेले की असे होते.

आपल्या देशातच याचा दाखला आहे. अंदमानातल्या ओंगे आणि जारवा लोकांचे केस अतिशय घट्ट कुरळे असतात. जुन्या गोऱ्या पंडितांनी त्यांना 'नेग्रिटो', म्हणजे लहानखुरे निग्रो, असे नाव दिले आणि आफ्रिकेशी त्यांचे नाते जोडले. प्रत्यक्षात हजारो पिढ्यांपूर्वी आफ्रिका सोडलेल्यांचे ते वंशज आहेत आणि त्यांचे जवळचे आप्त आशियातच आहेत. तक्त्याच्या भाषेत त्यांचा केस चार नंबरचा. उलट जंजिऱ्याचा इतिहास ज्यांच्याशी जोडलेला आहे, त्या सिद्दी लोकांचे पूर्वज खरोखरच आफ्रिकेतून आले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दींचे केसही पुष्कळदा तसेच घट्ट. आकडा एक, पण इतिहास अगदी वेगवेगळा. आकड्याला हा इतिहास सांगता येत नाही.

सरळ केसांचेही तेच. पूर्व आशियातले लोक आणि युरोपातले पुष्कळ लोक सरळ केसांचे असतात, म्हणून ते एका कुळीचे म्हणावेत काय? चीन-जपानकडच्या जाड सरळ केसांमागे ज्या जनुकाचा हात दिसतो, तो युरोपीय लोकांत केस सरळ करणाऱ्या जनुकाहून निराळा आहे. दोन गावांना जाणाऱ्या दोन रस्त्यांचे वळण सारखे दिसावे, तसे हे आहे. वळण सारखे म्हणून गाव एकच, असे कुणी म्हणत नाही.

आता त्या पेट्यांची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीही या गल्लतीत येते. ऑयगेन फिशर नावाच्या जर्मन मानववंशशास्त्रज्ञाने या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या आरंभी एक लहानशी धातूची पेटी तयार करविली. तिच्यात कृत्रिम केसांचे तीस नमुने ओळीने लावलेले, पिवळ्यापासून काळ्यापर्यंत. १९०८ मध्ये तो नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात गेला. तिथे रेहोबोथ येथे युरोपीय बाप आणि आफ्रिकी आई यांच्यापासून चालत आलेला एक समाज होता. फिशरने त्यांची डोकी, नाके, केस सगळे मोजले आणि १९१३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे १९२७ मध्ये तो बर्लिनच्या मानववंशशास्त्र संस्थेचा प्रमुख झाला. १९३७ मध्ये नाझी सरकारने ऱ्हाईनलँडमधल्या मिश्र रक्ताच्या शेकडो मुलांना जबरीने निर्बीज केले. त्या आधी या मुलांची तपासणी करून त्यांच्याविषयी मत देणाऱ्या तज्ज्ञांत फिशरच्या संस्थेचे लोक होते.

आजकाल कुणी कुणी म्हणतात, की वॉकरांचा तक्ता हा फिशरच्या पेटीचाच अवतार आहे. हे मला पटत नाही. फिशरची पेटी होती केसांच्या रंगाची, वळणाची नव्हे. वॉकरांचा तक्ता रंगाकडे पाहातच नाही. दोघांमधला खरा फरक मात्र रंगाचा की वळणाचा, हाही नाही. फिशर केस पाहून माणसाविषयी निकाल देत होता. तक्ता केस पाहून केसाविषयीच बोलतो. मापणे हे पाप नव्हे. मापावरून भलताच निकाल काढणे, हे पाप.

याच संस्थेत फिशरच्या हाताखाली आपल्या एक मराठी बाई शिकल्या होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. इरावती कर्वे. १९३० मध्ये त्यांनी बर्लिनला डॉक्टरेट मिळवली. त्यांना दिलेला विषय होता कवटीच्या दोन बाजूंतला फरक. युरोपीय लोकांच्या कवटीत हा फरक विशेष असावा आणि ते बुद्धीच्या श्रेष्ठपणाचे लक्षण असावे, अशी त्यामागची कल्पना. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा आणि या फरकाचा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष लिहिला. पुढे त्यांनी स्वतःही महाराष्ट्रातल्या लोकांची शरीरमापे घेतली. त्या काळच्या शास्त्राची ती रीतच होती. पण मोजपट्टी हातात असताना मोजपट्टीने जे सांगितले तेवढेच लिहायचे, गुरूच्या मनातले लिहायचे नाही, हे त्यांनी करून दाखवले. केसांच्या तक्त्याबद्दल आपल्याला हेच हवे आहे.

आता पहिल्या पेन्सिलीकडे येतो. दक्षिण आफ्रिकेत १९५० मध्ये लोकसंख्या नोंदणीचा कायदा झाला. प्रत्येक माणसाचे नाव कुठल्यातरी वंशाखाली नोंदलेच पाहिजे, असा तो कायदा. गोरा कोण? तर जो दिसायला उघड गोरा आहे, किंवा ज्याला लोक सर्वसाधारणपणे गोरा मानतात तो. कायद्यात पेन्सिलीचे नाव कुठेच नव्हते. पण 'दिसायला उघड' म्हणजे काय, हे कारकुनाने ठरवायचे कसे? तेव्हा पेन्सिल आली. केसांत पेन्सिल सरकवायची. घसरून पडली तर गोरा, अडकली तर गोरा नव्हे. आणि त्या एका क्षणावर शाळा कुठली, राहायची वस्ती कुठली, लग्न कुणाशी, मत द्यायचा हक्क आहे की नाही, हे सगळे अवलंबून.

सँड्रा लेंग या मुलीची हकीकत जगजाहीर आहे. १९५५ मध्ये ट्रान्सवालमधल्या पीट रेटीफ येथे ती जन्मली. आईबाप दोघेही गोरे, वंशभेदाचे धोरण राबवणाऱ्या नॅशनल पक्षाचे पाठीराखे. मुलगी मात्र सावळी आणि घट्ट कुरळ्या केसांची. मागच्या कुठल्यातरी पिढीतला एखादा आफ्रिकी पूर्वज तिच्यात उतरला असावा. गोऱ्यांच्या शाळेतल्या पालकांनी कुरबूर केली आणि १९६६ मध्ये, अवघ्या दहा वर्षांची असताना, पोलिसांनी तिला शाळेतून उचलून घरी आणून सोडले. सरकारने तिची नोंद 'कलर्ड', म्हणजे मिश्रवर्णीय, अशी बदलली. बाप कोर्टात गेला, रक्ताची तपासणी करून घेतली. १९६७ मध्ये कायदाच बदलला: आईबाप गोरे असतील तर मूल गोरे. सँड्रा पुन्हा कागदावर गोरी झाली.

आता पाहा. त्या दोन वर्षांत त्या पोरीच्या डोक्यावरचा एक केसही बदललेला नाही. वेटोळे तेवढेच, रुंदी तेवढीच. पण ती गोऱ्याची कलर्ड झाली आणि कलर्डची पुन्हा गोरी झाली. पुढे मोठेपणी तिने एका काळ्या माणसाशी संसार केला, तेव्हा आपल्या मुलांबरोबर राहता यावे म्हणून ती स्वतःच पुन्हा कलर्ड म्हणून नोंद करायला निघाली. केस स्थिर आणि वंश मात्र तीनदा फिरतो, यावरून काय सिद्ध होते? वंशाची ती नोंद केसात नव्हतीच. ती सरकारी फायलीत होती. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला.

उलट बाजूनेही तपासून पाहता येते आणि ही तपासणी घरी करण्यासारखी आहे. केस धुवावेत, तेल वगैरे काही लावू नये आणि ते आपोआप वाळू द्यावेत. मग तीन ठिकाणचा एकेक केस घ्यावा: कपाळाजवळचा, टाळूवरचा आणि मानेजवळचा. प्रत्येक केस कागदावर मोकळा ठेवावा आणि त्याच्या वेटोळ्याची रुंदी पट्टीने मोजावी. मग केस हळूच ताणून लांबी मोजावी आणि मोकळ्या लांबीशी तिची तुलना करावी. समजा, मोकळा असताना केस सहा सेंटिमीटर भरला आणि ताणल्यावर बारा. म्हणजे हा केस वळणात आपली निम्मी लांबी लपवून बसला आहे. मानेजवळचा केस मात्र मोकळा असताना नऊ आणि ताणल्यावर बारा भरतो. तक्त्यात पहिला तिसऱ्या प्रकारात जाईल आणि दुसरा दुसऱ्या. कुरळ्या केसांच्या माणसाच्या डोक्यावर असे दोन, कधी तीन प्रकार मिळणे अगदी नेहमीचे आहे. मग तक्ता जर वंश सांगत असेल, तर टाळू एका वंशाची आणि मान दुसऱ्या वंशाची, असे म्हणावे लागेल!

मोजताना फसगतही होते. ओला केस पाण्याच्या भाराने सरळ दिसतो, म्हणून ओला असताना मोजू नये. लांब केस स्वतःच्या वजनाने ताणला जातो. तोच केस कापून आखूड केला की वेटोळे घट्ट होते. ज्यांनी वर्षानुवर्षे गरम इस्त्रीने केस सरळ केले, त्यांच्या टोकाकडचा भाग सरळ आणि मुळाकडचा नवा भाग कुरळा दिसतो. तिथे मुळाकडचाच खरा धरावा. लहान मुलाचे केस पुढे वयात येताना बदलतात. कर्करोगावरच्या औषधांनी गळलेले केस परत येताना काहींचे आधी सरळ असलेले केस कुरळे येतात. अशा माणसाचा आकडा एकाचा तीन झाला, म्हणून त्याचे आजोबा-पणजोबा काही बदलत नाहीत.

शास्त्रज्ञांनीही हा प्रश्न नीट हाताळला आहे. २००७ मध्ये फ्रान्समधल्या लॉरेआल या कंपनीच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर केसांची वाटणी आफ्रिकी, आशियाई आणि युरोपीय अशी सरसकट तीन भागांत होई. त्यांनी ती बाजूला ठेवली. १८ देशांतल्या १,४४२ लोकांचे केस घेतले आणि केसाच्या मालकाचा वंश न विचारता तीनच गोष्टी मोजल्या: वळणाची रुंदी, ताणलेल्या आणि मोकळ्या लांबीचे प्रमाण, आणि लाटांची संख्या. त्यातून केसांचे आठ प्रकार निघाले. यातली खुबी अशी, की वॉकरांकडे चार प्रकार, इथे आठ. उद्या कुणी बारीक मोजून बारा करील. सरळपासून घट्ट वेटोळ्यापर्यंत केस एका अखंड उतारावर पसरलेले आहेत आणि त्या उतारावर पायऱ्या खोदतो तो माणूस, आपल्या सोयीसाठी. निसर्गाने तिथे कुठेही कुंपण घातलेले नाही.

म्हणून तक्ता निर्दोष आहे, असेही मी म्हणत नाही. त्याच्या दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. एक म्हणजे तो केसाचे वळण तेवढे सांगतो. केस राठ की बारीक, दाट की विरळ, पाणी चटकन पितो की नाही, हे तो सांगत नाही. दोन बहिणींचा आकडा तीन-बी असेल, पण एकीचा केस तारेसारखा राठ आणि दुसरीचा रेशमासारखा बारीक. जड तेल पहिलीला मानवेल, दुसरीचे केस त्याने चिकट होऊन चपटे पडतील. आकडा पाहून बाटली विकत घेणारा इथे फसतो. बाटलीवर 'आशियाई केसांसाठी' असे छापलेले असले तर फसगत आणखीच, कारण पुण्याच्या एकाच गल्लीत पहिल्यापासून चौथ्या प्रकारापर्यंतचे केस दिसू शकतात.

दुसरी उणीव अधिक नाजूक आहे. एक, दोन, तीन, चार असे आकडे लावले की ते वर्गातल्या नंबरांसारखे दिसू लागतात. सरळ केस पहिला आणि घट्ट केस शेवटचा! वॉकरांचा हेतू काही असो, या क्रमामुळे घट्ट केसांच्या बायकांना पुन्हा शेवटच्या बाकावर बसवल्यासारखे वाटले आणि त्याबद्दल त्यांनी उघड नापसंती दाखवली. ती मला रास्त वाटते. ज्यांच्या आज्यांचे केस 'लोकर' म्हणून हिणवले गेले, त्यांना आकडे नुसते आकडे वाटणार नाहीत.

आणि इथे एक भेद फार काळजीने केला पाहिजे. केसांचे वळण म्हणजे वंश नव्हे, हे खरे. पण केसांच्या वळणावरून माणसांना वंशाच्या नावाने छळले गेले, हेही तितकेच खरे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की केसांची वळणे किंवा वेण्या-जटा यांवरून नोकरीत वा शाळेत कुणाला डावलता येणार नाही. पुढे इतर काही राज्यांनीही तसे कायदे केले. कायदा असे म्हणत नाही, की अमुक केस म्हणजे अमुक वंश. तो एवढेच म्हणतो, की केसाचे निमित्त करून वंशाचा द्वेष करणे बंद करा. "वंश बिंश काही नसतो, मग तक्रार कसली?" असे जो म्हणेल, त्याला सँड्रा लेंगची शाळा दाखवावी.

तेव्हा तक्ता पुढे आला की दोन प्रश्न विचारावेत. हा आकडा केसाविषयी काही सांगतो आहे काय? सांगत असेल तर कंगवा, पाणी आणि तेल यांपुरते त्याचे ऐकावे. तो माणसाविषयी, त्याच्या कुळाविषयी, त्याच्या योग्यतेविषयी काही सांगू पाहतो आहे काय? तसे असेल तर तो तक्ता मिटून ठेवावा. पेन्सिलीने वेटोळ्याची रुंदी खुशाल मोजा. ती केसांत खोचून खाली पडण्याची वाट मात्र पुन्हा कुणी पाहू नये.